डावा पाय बधिर केला आणि उजवा लंगडू लागला

घोडा खच्ची केलेला, कुमैत रंगाचा, वय 11 वर्षं. पाचव्या वर्षापर्यंत शर्यतीत पळलेला थरोब्रेड. शर्यतीतून निघाल्यावर पुण्याजवळच्या एका रायडिंग क्लबात आला. मुलांना शिकवायला आणि लहान उड्यांना तो वापरात होता. तक्रार साधारण चार महिन्यांची. डावीकडे वळताना कुरकुर करतो, पावलं छोटी टाकतो, उडीपाशी येऊन थांबतो. आठवडाभर विश्रांती आणि ब्यूट, म्हणजे फिनाइलब्यूटाझोनची पुडी दिली की चालायला लागतो, पुन्हा कामाला जुंपला की पुन्हा तेच.

क्लब चालवणाऱ्या बाईंचं मत होतं की दुखणं डाव्या खांद्यात आहे. सईसमामांनी तर निकालच देऊन टाकला होता : “साहेब, खांद्यात वारं शिरलंय, म्हणून पाय पुढं टाकत नाही.” खांद्याला महिनाभर तेल आणि मलम चोळून झालं होतं. हे मत हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पुढच्या पायाच्या खुरात दुखत असलं की घोडा पाऊल पूर्ण लांब टाकत नाही, आणि लांबून पाहणाऱ्याला तो खांद्यातूनच आखडल्यासारखा दिसतो. खांद्याच्या पुढचा, मानेकडून येणारा स्नायू दाबला तर हा घोडा दचकतही होता. पण महिनोन् महिने पाय सांभाळून चालणाऱ्या घोड्याचा हा स्नायू ताणला जातोच, त्यामुळे तिथलं दुखणं मूळ आहे की परिणाम, हे नुसतं दाबून कळत नाही.

तपासणीआधी चार दिवस ब्यूट बंद करायला सांगितलं होतं. हे पाळलं नाही तर पुढचं सगळं वाया जातं, कारण जे लंगडणं दिसतच नाही ते बधिर करून घालवणार कसं?

तबेल्यात उभा असताना घोडा डावा पुढचा पाय थोडा पुढे काढून ठेवत होता. घोडा विसाव्यासाठी मागचा पाय आलटून पालटून सैल सोडतो, ते नेहमीचं. पुढचा पाय असा पुन्हा पुन्हा काढून ठेवणं मात्र नेहमीचं नाही. दोन्ही पुढच्या खुरांचा पंजा लांब आणि टाचा खाली बसलेल्या होत्या. नीट पाहिलं तर डावं खूर उजव्यापेक्षा किंचित अरुंद होतं. जास्त दुखणाऱ्या पायावर भार कमी पडतो आणि महिने गेले की खूर आक्रसतं, म्हणून मी याची नोंद केली. हूफ टेस्टरने, म्हणजे लांब दांड्यांच्या त्या मोठ्या चिमट्याने, डाव्या खुराच्या मध्यभागी पुतळीवर, म्हणजे तळाच्या त्रिकोणी मऊ भागावर, दाबल्यावर त्याने पाय जरासा ओढला, पण दर वेळी नाही. नालेचे खिळे, तळवा, खुराची कड, कुठेच ठाम उत्तर मिळालं नाही. खूरचिमट्याला घोड्याने दाद दिली नाही म्हणून खूर निर्दोष ठरत नाही, तेव्हा मी ते तिथेच सोडलं.

लक्ष वेधून घेणारी गोष्ट वेगळीच होती. डाव्या पायाचा फेटलॉक, म्हणजे खुराच्या वरचा तो गोल सांधा, किंचित सुजलेला आणि जाडसर होता, आणि दुमडताना उजव्याइतका वाकत नव्हता. जुन्या शर्यतीच्या घोड्यात हे नवल नाही. पण चार महिने लंगडणाऱ्या पायावर जाड सांधा दिसला की मन तिकडेच धावतं.

मग घोड्याला हलतं पाहिलं. आधी कडक, सपाट जमिनीवर सरळ रेषेत चाल, मग दुडकी. सईसला एक गोष्ट आधी बजावून सांगावी लागते : दोर सैल सोडा, घोड्याचं डोकं धरून पळू नका. पुढच्या पायाचं लंगडणं डोक्यावरून वाचायचं असतं. दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली आणतो. दोर आखडून धरला की ही खूणच पुसली जाते. सरळ रेषेत डाव्या पायावर डोकं उचलल्यासारखं वाटायचं, पण एका फेरीत दिसायचं आणि पुढच्या फेरीत नाही. लाँजच्या दोरावर डावीकडे गोल फिरवला, कडक जमिनीवर, तेव्हा मात्र प्रत्येक फेरीत डावा पाय टेकताना डोकं वर. अमेरिकेतील घोडेवैद्यांच्या संघटनेची 0 ते 5 अशी एक मोजपट्टी सर्रास वापरतात. सरळ रेषेत दिसायला अवघड, पण ठरावीक परिस्थितीत न चुकता दिसणारं लंगडणं त्यात 2 धरतात. हा घोडा 2 वर होता.

उजवीकडच्या गोलात डावा पाय बराच सुधारल्यासारखा वाटला, पण घोडा खुलला नाही. पावलं छोटी, पाठ ताठ, आणि एक-दोनदा उजव्या पायावरही डोकं हललं. मऊ वाळूत दोन्ही बाजूंना चाल सुधारली. कडक जमीन आणि आतल्या बाजूचा पाय, या दोन्हींनी लंगडणं वाढणं खुराकडे बोट दाखवतं, खांद्याकडे नाही. तरी हा अंदाजच.

यानंतर फ्लेक्शन टेस्ट. सांधा ठरावीक वेळ दुमडून धरायचा, सोडल्या क्षणी घोड्याला दुडकीत पळवायचं आणि लंगडणं वाढलं का ते पाहायचं. सांगायला इतकी सोपी, आणि म्हणूनच तिच्यावर फाजील विश्वास बसतो. या टेस्टमध्ये जोर किती लावला, किती वेळ धरला आणि कुणी धरला, यावर निकाल बदलतो. पुरेसा जोर लावला तर धडधाकट घोडाही पहिली काही पावलं लंगडतो. म्हणून माझी पद्धत अशी : दोन्ही पाय मीच धरतो, घड्याळ लावून 60 सेकंद, आणि ज्या पायावर संशय नाही तो आधी. त्या पायाचा निकाल हीच त्या घोड्यापुरती मोजपट्टी. दुखरा पाय आधी दुमडला तर त्याचं वाढलेलं लंगडणं पुढच्या टेस्टमध्ये मिसळतं.

उजव्या पायाचा खालचा भाग दुमडून धरला. खुराचा पुढचा भाग हाताने ओढून फेटलॉक आणि त्याखालचे सांधे एकत्र वाकवायचे, गुडघा शक्य तितका कमी वाकेल असं पाहायचं. सोडल्यावर घोडा दोन-तीन पावलं अडखळला आणि सरळ झाला. डाव्या पायाला साठ सेकंद पूर्ण होण्याआधीच त्याने पाय ओढायला सुरुवात केली, आणि सोडल्यावर पळवण्याच्या पट्ट्याच्या टोकापर्यंत डोकं वरखाली करत गेला. परतीच्या वाटेवरही लंगडणं पूर्ण ओसरलं नव्हतं. ते ओसरू दिलं आणि मग गुडघा दुमडला : काही फरक नाही. पाय पुढे ताणून आणि मागे ओढून खांदा व कोपर ताणले : काही फरक नाही.

बाई म्हणाल्या, “म्हणजे खांदा नाही, फेटलॉक आहे. मग सांध्यात इंजेक्शन देऊन टाकूया का?”

प्रश्न रास्त होता. सांधा जाड आहे, कमी वाकतो, दुमडला की घोडा लंगडतो. याहून जास्त पुरावा काय हवा? पण खालचा भाग दुमडताना एकटा फेटलॉक वाकत नाही. त्याच्याबरोबर त्याखालचा पेस्टर्नचा सांधा वाकतो, खुराच्या आतला कॉफिन सांधा वाकतो, त्यामागच्या नॅव्हिक्युलर या छोट्या हाडावर आणि त्याच्या अस्थिबंधांवर ताण येतो. टेस्टने इतकंच सांगितलं होतं की दुखणं बहुधा गुडघ्याच्या खाली आहे. फेटलॉकचं नाव टेस्टने घेतलं नव्हतं, आमच्या डोळ्यांनी घेतलं होतं. सांध्यात औषध गेलं असतं, दोन-तीन आठवड्यांची विश्रांती मिळाली असती, त्या विश्रांतीनेच घोडा सुधारला असता, आणि महिन्याभरात पुन्हा हाच फोन आला असता.

म्हणून नर्व्ह ब्लॉक. म्हणजे मज्जातंतूभोवती स्थानिक भूल देऊन पायाचा एक-एक भाग क्रमाने बधिर करायचा, आणि कुठल्या टप्प्यावर लंगडणं जातं ते पाहायचं. आधी दोन अटी तपासल्या. एक, हाडाला तडा असल्याचा संशय नाही ना. अचानक आलेलं, तीव्र लंगडणं असेल तर आधी एक्स-रे. दुखणं कळेनासं झालेला घोडा तडा गेलेल्या हाडावर पूर्ण भार टाकतो आणि हाड दुभंगतं. इथे लंगडणं हळूहळू आलेलं आणि सौम्य होतं. दुसरी अट, लंगडणं दर वेळी दिसलं पाहिजे. सरळ रेषेत ते येत-जात होतं, तेव्हा तिथे तुलना करण्यात अर्थ नव्हता. डावीकडचा कडक गोल हीच आमची कसोटी ठरवली आणि बाईंना तिथे उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगितलं. जागा तीच, गती तीच, सईस तोच.

ब्लॉक खालून वर द्यायचे, कारण वरच्या ठिकाणी तंतू बधिर केला की त्याच्या खालचं सगळंच बधिर होतं. मी फेटलॉकच्या संशयाने थेट त्याच्या वरचा ब्लॉक दिला असता तर घोड्याचं डावं लंगडणं गेलं असतं, आणि सगळ्यांनी फेटलॉकवर शिक्का मारला असता. खूरही त्याच इंजेक्शनने बधिर झालंय, हे कुणाच्या ध्यानात आलं नसतं.

पहिला ब्लॉक सर्वांत खालचा, पामर डिजिटल. पाय उचलून गुडघ्यांत धरला, टाचेच्या वरची खोलगट जागा स्पिरिटच्या बोळ्याने मळ निघेपर्यंत पुसली. या जागी बोट फिरवलं की पायामागच्या जाड कंडऱ्याच्या कडेला दोरीसारखी जुडी हाताला लागते : शीर, धमनी आणि मज्जातंतू. खुराच्या बाजूची कूर्चा जिथे संपते त्याच्या अगदी लगत 25 गेजची, 16 मिलिमीटर लांबीची सुई आत घातली. सुई आधी एकटी घालायची आणि सिरिंज नंतर लावायची. घोड्याने पाय झटकला तर सिरिंजसकट सुई हातातून उडत नाही, आणि सुईतून रक्त आलं तर जागा बदलता येते. आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही बाजूंना 1.5 मिलिलिटर. औषध 2 टक्के लिग्नोकेन, ॲड्रेनलीन नसलेलं. मेपिव्हाकेन मिळालं तर ते बरं. ते ऊतींना कमी झोंबतं आणि जास्त वेळ टिकतं. पण आपल्याकडे लिग्नोकेनच सहज हाताशी असतं.

इंजेक्शनची जागा जितकी वर आणि औषध जितकं जास्त, तितका निकाल धूसर. दोन-तीन सेंटिमीटर वर दिलं तर पेस्टर्नचा सांधाही बधिर होऊ शकतो, आणि मग खुरातलं दुखणं म्हणून जे आपण लिहितो ते तिथलं नसतंच.

पाच मिनिटांनी बॉलपेनच्या बोथट टोकाने टाचेच्या मऊ फुगवट्यांवर दाबलं. पेन घोड्याला न दिसेल असं, पलीकडच्या बाजूने हात नेऊन. घाबरट घोडा हात पाहूनच पाय उचलतो आणि आपल्याला वाटतं ब्लॉक लागला नाही. टाचेला काहीच कळत नव्हतं. खुराच्या वरच्या कडेला, पुढच्या बाजूने दाबल्यावर मात्र त्याने पाय हलवला. म्हणजे औषध हवं तिथेच होतं, मज्जातंतूच्या पुढच्या फांद्यांपर्यंत पसरलं नव्हतं.

घोडा डावीकडच्या गोलात सोडला. डाव्या पायावरचं डोकं उचलणं गेलं होतं. अर्धवट नव्हे, पूर्ण. सईसमामांनी दोर बदलून त्याला उजवीकडे वळवलं, आणि तिसऱ्या-चौथ्या पावलापासून उजवा पाय टेकताना डोकं स्पष्ट वर येऊ लागलं. बाई व्हिडिओ घेताना थांबल्या. “डॉक्टर, याला आता उजव्या पायाला काय झालं? इंजेक्शन तर डाव्याला दिलं ना?”

उजव्या पायाला त्या पाच मिनिटांत काहीही झालं नव्हतं. तो चार महिने दुखतच होता, फक्त डाव्यापेक्षा कमी. दोन्ही पाय दुखतात तेव्हा घोडा जास्त दुखणाऱ्या पायाचं लंगडणं दाखवतो आणि कमी दुखणारा चांगल्या पायाची भूमिका वठवतो. डाव्याचं दुखणं काढून घेतल्यावर उजव्याला लपायला जागा राहिली नाही. सरळ रेषेतलं ते येतं-जातं लंगडणं, उजव्या गोलातली छोटी पावलं, उडीपाशी अडणं, खांदा आखडल्यासारखा दिसणं, या सगळ्याचा मेळ इथे बसला. दोन्ही पाय सारखेच दुखले असते तर डोकं मुळीच हललं नसतं आणि घोड्याला फक्त ‘आळशी’ म्हटलं गेलं असतं. असे घोडे क्लबांत कमी नाहीत.

उजव्या पायालाही तोच ब्लॉक दिला. इथे घड्याळाकडे लक्ष हवं. लिग्नोकेनचा भरवशाचा काळ तासाभराचाच धरायचा आणि डाव्याची वेळ आधीच सुरू झालेली. पाच मिनिटांनी टाचा तपासल्या, दोन्ही बधिर होत्या. दोन्ही गोलांत लंगडणं नाही. पावलाची लांबी तर नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली होती. सईसमामा पळताना धापा टाकत होते, कारण घोडा त्यांना ओढून नेत होता. खांद्याला हातही न लावता खांदा मोकळा झाला होता.

ब्लॉक काम करत होते तोवर मी डाव्या पायाची फ्लेक्शन टेस्ट पुन्हा केली. तोच जोर, तेच 60 सेकंद. घोड्याची दोन पावलं ताठ पडली आणि तो सरळ झाला. आधीच्या टेस्टमध्ये पट्ट्याच्या टोकापर्यंत लंगडणारा घोडा तो हाच. फेटलॉक तितकाच दुमडला होता आणि तितकाच जाड होता. बदललं होतं फक्त खूर. म्हणजे पहिल्या टेस्टचा ‘पॉझिटिव्ह’ निकाल मुख्यतः खुरातून आला होता, आणि उरलेली दोन ताठ पावलं त्या जुन्या सांध्याची मानायला हरकत नव्हती. ही दुबार टेस्ट बरेच जण करत नाहीत. दोन मिनिटांचं काम आहे आणि फ्लेक्शनमध्ये नेमकं काय दुखलं होतं, ते त्यातून कळतं.

पाय बधिर असेपर्यंत घोड्यावर कुणीही बसायचं नाही, हे बाईंकडून कबूल करून घेतलं. चांगला चालतोय असं पाहून ‘एक चक्कर मारून बघू’ हा मोह फार होतो. टाच जाणवत नसलेला घोडा ठेचकाळतो. तीन-चार तास तो तबेल्यातच राहिला.

आता निदानाची मर्यादा. पामर डिजिटल ब्लॉकने नुसतं नॅव्हिक्युलर हाड बधिर होत नाही. तळवा, टाच, कंडऱ्याचा खुराच्या आतला भाग आणि कॉफिन सांध्याचा बराचसा भागही बधिर होतो. म्हणून त्या दिवशी मी कागदावर ‘दोन्ही पुढच्या खुरांत, बहुधा मागच्या भागात दुखणं’ एवढंच लिहिलं. ‘नॅव्हिक्युलर’ लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी, घोडा पूर्ववत लंगडतोय याची खात्री करून, डाव्या कॉफिन सांध्यात 5 मिलिलिटर भूल दिली. हे सांध्याच्या आतलं इंजेक्शन, तेव्हा स्पिरिटचा बोळा पुरत नाही. क्लोरहेक्सिडीनने कित्येक मिनिटं धुणं, निर्जंतुक हातमोजे, नवी बाटली. पाच मिनिटांनी गोलात पाहिलं तेव्हा किंचित सुधारणा होती, पंचवीस मिनिटांनी बरीच. लगेच आणि पूर्ण सुधारणा झाली असती तर सांध्यावर संशय वाढला असता. उशिरा येणाऱ्या सुधारणेला फार किंमत देता येत नाही, कारण औषध तोवर शेजारच्या नॅव्हिक्युलर भागात झिरपतं. नॅव्हिक्युलर हाडामागच्या पिशवीत थेट भूल देऊन आणखी नेमकेपणा आणता आला असता. पण सुई जागेवर गेली हे एक्स-रेवर पाहिल्याशिवाय त्या ब्लॉकवर विसंबता येत नाही, आणि त्या निकालाने पहिल्या दोन महिन्यांच्या उपचारात काही बदल होणार नव्हता. म्हणून तो केला नाही.

एक्स-रेत दोन्ही नॅव्हिक्युलर हाडांच्या खालच्या कडेची छिद्रं रुंदावलेली दिसली, डावीकडे जास्त. कंडरा जिथे घासतो ती हाडाची मागची बाजू शाबूत होती. डाव्या फेटलॉकच्या कडेला जुनी हाडवाढ होतीच. हे फोटो आधी काढले असते तर दोन्ही जागी काहीतरी सापडलं असतं आणि त्यातलं काय दुखतंय ते फोटो सांगू शकला नसता. न लंगडणाऱ्या घोड्यांतही अशी छिद्रं दिसतात. ब्लॉकच्या निकालामुळे खुरातल्या बदलाला अर्थ आला, आणि फेटलॉकमधला बदल तूर्त बाजूला पडला. कंडऱ्याला इजा आहे का, हे साध्या एक्स-रेत दिसत नाही. तो प्रश्न उघडाच राहिला.

उपचाराचा मुख्य माणूस नालबंद. पंजा लांब असला की पाऊल उचलताना खुराला पुढच्या टोकावरून कलंडायला उशीर लागतो, आणि तेवढा वेळ कंडरा नॅव्हिक्युलर हाडावर दाबत राहतो. खाली बसलेली टाच हा दाब आणखी वाढवते. नालबंदचाचांना फोटो दाखवल्यावर ते म्हणाले, “पंजा कापतो, पण टाच एका नालबंदीत उभी राहायची नाही.” बरोबर होतं. पंजा मागे घेतला, नालेची पुढची कड गोल केली, नाल टाचेच्या मागेपर्यंत पोचेल अशी लांब घेतली आणि टाचेखाली दोन-तीन अंशांची पाचर दिली. नालबंदी दर चार-पाच आठवड्यांनी, सात-आठ आठवड्यांनी नव्हे. ब्यूट दहा दिवस, मग बंद. काम फक्त वाळूत, सरळ रेषेत किंवा मोठ्या वळणांचं.

दोन नालबंदींनंतर, ब्यूट थांबून बरेच दिवस झाल्यावर, त्याच कडक गोलात त्याला पुन्हा पळवलं आणि बाईंच्या मोबाइलमधला जुना व्हिडिओ शेजारी लावून पाहिला. डावीकडे अजून एखाद्या फेरीत डोकं किंचित उठत होतं, उजवीकडे काही नाही. सरळ रेषेत घोडा साफ. डाव्या फ्लेक्शनला चार-पाच पावलं. उड्यांचं काम कायमचं बंद करायचं ठरलं, नवशिक्या मुलांना वाळूत चाल आणि दुडकी शिकवायला तो पुन्हा रुजू झाला. सईसमामा अजून अधूनमधून खांद्याला तेल लावतात. त्याने काही बिघडत नाही, म्हणून मीही काही बोलत नाही. फक्त नालबंदीची तारीख तबेल्याच्या दारावर खडूने लिहून ठेवायचं काम त्यांच्याकडेच दिलं आहे.